दोष कुणाच्या माथी?

मिरजेत वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायला लागल्यापासून मी असंख्य फाइली उघडल्या आहेत, पण एका प्रकारची फाइल आली की मी आधी तिच्यातलं बायकोच्या नावाचं पान काढून वाचते. त्या पानावर लिहिलेलं असतं, ‘अँटिस्पर्म अँटिबॉडी : पॉझिटिव्ह’. कधी त्याच्याच खाली दुसऱ्या पेनाने ‘सर्व्हायकल म्यूकस होस्टाइल’ असा शेरा असतो. या दोन ओळींचा घरी जाईपर्यंत एकच अर्थ झालेला असतो : हिचं शरीर नवऱ्याचं बीज मारून टाकतं. सासू तसं म्हणते, नणंद तसं म्हणते आणि काही महिन्यांनी ती बाई स्वतःही तसंच म्हणायला लागते.

हे दोन्ही शेरे सरसकट खोटे असतात असं नाही. शुक्रजंतूंविरुद्धची प्रतिपिंडं खरोखर असतात, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावात शुक्रजंतू खरोखर अडकतात, आणि मी दोन्ही गोष्टी काचेवर पाहिल्या आहेत. प्रश्न असतो तो कुठे पाहिलं, कोणत्या दिवशी पाहिलं आणि पाहून पुढे काय करायचं, याचा. हे नीट कळावं म्हणून एका जोडप्याची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग तसाच ठेवला आहे.

नवरा सदतीस वर्षांचा, शेती आणि दुधाचा धंदा असलेला. बायको एकतीस. लग्नाला चार वर्षं झालेली. त्याचं हे दुसरं लग्न. पहिल्या बायकोच्या हृदयाची झडप खराब होती, दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला भूल देणं धोक्याचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा यानेच पुढे होऊन नसबंदी करून घेतली होती. आमच्या भागात हे काम बहुधा बाईच्याच अंगावर टाकलं जातं, म्हणून त्या माणसाबद्दल मला तिथेच आदर वाटला. पुढे पहिली बायको गेली. दुसरं लग्न ठरलं तेव्हा त्याने नस पुन्हा जोडून घेतली. ऑपरेशन यशस्वी झालं. वीर्यात शुक्रजंतू दिसायला लागले, एका मिलिलिटरला अडतीस दशलक्ष, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या किमान मर्यादेच्या दुपटीहून जास्त. पुढे जाणाऱ्या शुक्रजंतूंचं प्रमाणही किमान मर्यादेच्या जरा वरच होतं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असा शिक्का बसला.

त्याचा काउंट चांगला, आधीची दोन मुलं, म्हणजे दोष हिच्यातच असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. एका दवाखान्यात तिच्या रक्ताची प्रतिपिंडांची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह आली. संबंधानंतर स्राव तपासायची चाचणी झाली, तीत एकही जिवंत शुक्रजंतू दिसला नाही. मग तिला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जोडीला सहा महिने निरोध वापरायचा सल्ला मिळाला. मूल हवं म्हणून आलेल्या जोडप्याने अर्धं वर्ष निरोध वापरला. त्यानंतर आययूआयच्या चार फेऱ्या झाल्या. आमच्याकडे ते आले तेव्हा तिचा चेहरा गोळ्यांनी सुजलेला होता.

मी सगळे जुने वीर्याचे रिपोर्ट ओळीने लावले. प्रत्येकाच्या तळाशी, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही, तिथे एक शब्द होता, ‘अ‍ॅग्लुटिनेशन’. एकावर एक अधिक चिन्ह, एकावर दोन. शुक्रजंतू एकमेकांना चिकटलेले दिसत होते, हे चार वेळा लिहिलं गेलं होतं.

इथे थोडं थांबून, आम्ही काचेवर काय बघतो ते सांगते. ताजं वीर्य आधी पंधरावीस मिनिटं पातळ होऊ द्यायचं. मग एक थेंब काचेवर, वर कव्हरस्लिप, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लगेच पाहायचं. गोळे दोन प्रकारचे दिसतात आणि त्यांत गल्लत होते. मेलेले शुक्रजंतू, पांढऱ्या पेशी, चिकट धागे असं सगळं एकत्र गोळा झालेलं असतं, त्याला फारसा अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात हलणारे, जिवंत शुक्रजंतूच एकमेकांना धरलेले असतात, डोक्याला डोकं किंवा शेपटीला शेपटी, आणि सुटायला धडपडत असतात. अख्खा गोळा काचेवर थरथरत फिरतो. संशय घ्यायचा तो या दुसऱ्या प्रकारावर. तरीही तो फक्त संशयच. जंतुसंसर्गानेही शुक्रजंतू असे चिकटू शकतात, म्हणून कल्चर करून घ्यावं लागतं. उलट बाजूने, गोळे अजिबात दिसत नसताना प्रतिपिंडं सापडलेलीही मी पाहिली आहेत.

या नवऱ्याच्या काचेवर डोक्याला डोकं लावून दहादहा-वीसवीस शुक्रजंतूंचे पुंजके होते, आणि मधूनमधून सुटे शुक्रजंतू. कल्चर स्वच्छ आलं. तेवढ्यावर आणि नस जोडल्याच्या इतिहासावर मी डॉक्टरांना ‘मार टेस्ट’ करू या म्हटलं.

नसबंदीचा इथे काय संबंध, ते समजलं की बाकीचं बरंचसं सोपं होतं. शुक्रजंतू तयार व्हायला लागतात वयात आल्यावर. शरीराची संरक्षणव्यवस्था आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे त्याच्या फार आधी, अगदी लहानपणीच शिकून घेते. तिने शुक्रजंतू पाहिलेलेच नसतात, त्यामुळे पुरुषाच्या स्वतःच्या रक्ताला त्याचे स्वतःचे शुक्रजंतू परके असतात. वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून रक्त आणि शुक्रजंतू यांच्यात एक आडोसा उभा करतात, म्हणून एरवी दोघांची गाठ पडत नाही. नस कापली की शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण बाहेर जायची वाट बंद होते. ते मागे साठतात, नळ्यांत दाब वाढतो, कुठेतरी गळती होते, आणि रक्ताला ते दिसतात. नसबंदी झालेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत पुढे अशी प्रतिपिंडं तयार होतात. नस जोडली म्हणून ती जात नाहीत. वृषणाला जबर मार लागणं, पीळ पडणं, जंतुसंसर्ग, लहानपणीच्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावणं, ही कारणंही आम्ही विचारतो. पण नस जोडलेली असणं हे सगळ्यांत ठळक.

आता लगेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नस जोडून घेतलेले वाचक घाबरतील. ज्यांच्यात प्रतिपिंडं आहेत अशा कितीतरी पुरुषांना नस जोडल्यानंतर नैसर्गिकपणे मुलं होतात. प्रतिपिंडं किती शुक्रजंतूंवर आहेत, शुक्रजंतूच्या कोणत्या भागावर आहेत आणि कोणत्या जातीची आहेत, यावर बरंच अवलंबून असतं.

मार टेस्ट दिसायला अगदी साधी. ताज्या, न धुतलेल्या वीर्याचा दहा मायक्रोलिटर थेंब काचेवर घ्यायचा. शेजारी तेवढाच थेंब लेटेक्सच्या बारीक मण्यांचा. या मण्यांवर माणसाचं आयजीजी हे प्रतिपिंड चढवलेलं असतं. मग तिसरा थेंब आयजीजीला पकडणाऱ्या सीरमचा. तिन्ही मिसळायचे, कव्हरस्लिप ठेवायची, आणि दोनतीन मिनिटांनी पाहायचं, दहा मिनिटांनी पुन्हा. शुक्रजंतूवर प्रतिपिंडं असतील तर सीरम एका हाताने त्याला आणि दुसऱ्या हाताने मण्याला धरतं, आणि धोतराला कुसळं चिकटावीत तसे मणी अंगावर वागवत तो शुक्रजंतू पोहत राहतो. प्रतिपिंडं नसतील तर तो मण्यांच्या गर्दीतून मोकळा निघून जातो आणि मणी आपसांत चिकटतात. मणी आपसांत चिकटले नाहीत तर सीरमच खराब आहे, ती टेस्ट वाचायचीच नाही. मोजायचे फक्त हलणारे शुक्रजंतू, निदान दोनशे, आणि शेपटीच्या अगदी टोकाला चिकटलेला मणी धरायचा नाही, कारण तो जननक्षम पुरुषांतही दिसतो. नमुना ताजा हवा. दुसऱ्या गावाहून दोन तासांचा प्रवास करून आलेल्या बाटलीतले शुक्रजंतू थकलेले असतात, आणि हलणारे शुक्रजंतूच नसतील तर मोजायचं काय? म्हणून आम्ही नमुना प्रयोगशाळेतच द्यायला सांगतो, कितीही अवघड वाटलं तरी.

निम्म्याहून जास्त हलणाऱ्या शुक्रजंतूंवर मणी दिसले तर ते अर्थपूर्ण समजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या पुस्तिकेत आहे. २०२१ च्या पुस्तिकेने ही चाचणी नेहमीच्या तपासणीतून काढून ज्यादा तपासण्यांच्या भागात ठेवली. माझ्या मते ते योग्यच झालं. प्रत्येक नमुन्यावर ती करायचं कारण नाही.

त्या दिवशी काचेखाली मला मोकळा शुक्रजंतू शोधावा लागत होता. आयजीजीसाठी शंभरात नव्वदच्या वर, आयजीएसाठी वेगळी काच लावली तिथेही ऐंशीच्या पुढे, आणि बहुतेक मणी डोक्यावर. आयजीए डोक्यावर असणं हे सगळ्यांत वाईट, कारण स्रावात अडकवणारं प्रतिपिंड मुख्यतः तेच.

आता त्या स्रावाकडे येते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव महिन्यातले बहुतेक दिवस घट्ट, गढूळ आणि कमी असतो. त्या दिवसांत तो कुणालाच आत सोडत नाही, आणि तसंच असायला हवं. बीज फुटायच्या आधीचे दोनतीन दिवस इस्ट्रोजेन चढतं तसा तो पाण्यासारखा स्वच्छ होतो, भरपूर होतो, दोन काचांमध्ये धरून ओढला तर आठदहा सेंटिमीटर न तुटता ताणला जातो, आणि काचेवर वाळवला तर नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. बीज फुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि एकदोन दिवसांत सगळं पुन्हा घट्ट. संबंधानंतर काही तासांनी हा स्राव घेऊन शुक्रजंतू पाहायची चाचणी फार जुनी आहे. अमेरिकेत सिम्स यांनी ती एकोणिसाव्या शतकात सुरू केली आणि १९१३ मध्ये ह्यूनर यांनी तिला नीट रूप दिलं, म्हणून दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा सगळा जीव त्या दोनतीन दिवसांत आहे. दिवस चुकला की निरोगी जोडप्याचीही चाचणी ‘खराब’ येते.

या बाईंच्या जुन्या कागदावर चाचणीची तारीख होती आणि त्याच महिन्याचे सोनोग्राफीचे आकडेही होते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की चाचणी बीज फुटून गेल्यानंतर झाली होती. शिवाय त्या महिन्यात त्यांना क्लोमिफेन चालू होतं, आणि ती गोळी काही जणींत स्राव कमी आणि घट्ट करते. मला सर्वाधिक वेळा दिसणारा ‘होस्टाइल’ स्राव हाच : चुकीच्या दिवशी पाहिलेला, किंवा गोळीने घट्ट केलेला. खराखुरा कायमचा दोष फार थोड्या जणींत असतो, बहुधा गर्भाशयाच्या तोंडावर शस्त्रक्रिया झालेली असते किंवा जुना संसर्ग असतो. संबंधाच्या वेळी वापरली जाणारी काही पाण्यात विरघळणारी जेली आणि लाळसुद्धा शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात, हे कुणी विचारतच नाही.

आम्ही त्यांच्या पुढच्या पाळीत, क्लोमिफेनशिवाय, सोनोग्राफीत बीज वाढलेलं बघून स्राव घेतला. स्वच्छ, भरपूर, काचेवर ओढला तर लांबच लांब तार. मग आम्ही एक गोष्ट केली, जी आता बहुतेक ठिकाणी करत नाहीत आणि रोजच्या कामात करायची गरजही नाही. नेदरलँड्समध्ये क्रेमर आणि यागर यांनी १९७० च्या दशकात ती रूढ केली. स्राव आणि वीर्य यांचे थेंब काचेवर मिसळून पाहायचे. एका काचेवर या बाईंचा स्राव आणि त्यांच्या नवऱ्याचं वीर्य. दुसऱ्या काचेवर याच बाईंचा स्राव आणि संमती दिलेल्या दुसऱ्या एका पुरुषाच्या नॉर्मल नमुन्याचा उरलेला थेंब. दोन्ही थेंब काचेवरच, बाकी कुठेही नाही.

दुसऱ्या काचेवर शुक्रजंतू स्रावातून सरळ रेषेत पुढे गेले, जणू अडथळाच नव्हता. पहिल्या काचेवर नवऱ्याचे शुक्रजंतू जागच्या जागी थरथरत होते. शेपटी जोरात हलते आहे, डोकं झटके देतं आहे, पण शुक्रजंतू एक पाऊलही पुढे सरकत नाही. शुक्रजंतूच्या अंगावरच्या आयजीएचा एक हात शुक्रजंतूला आणि दुसरा हात स्रावातल्या धाग्यांना धरून ठेवतो, म्हणून असं होतं. वीर्यात मोकळा पोहणारा शुक्रजंतू स्रावात शिरताक्षणी खिळला जातो. एकदा हे पाहिलं की विसरता येत नाही.

मी दोघांना आत बोलावून सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर दोन्ही काचा दाखवल्या. प्रयोगशाळेतल्या लोकांनी असं करावं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मला ते करावंसं वाटलं, कारण चार वर्षं जे तिच्या डोक्यावर ठेवलं होतं ते नुसत्या कागदाने उतरलं नसतं. नवऱ्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे मॅडम, हिचं काही नाही. माझंच माझ्या विरुद्ध आहे.” ती पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. “माझं रगत बरं आहे न्हवं?” एवढंच तिने विचारलं.

तिच्या रक्ताच्या त्या पॉझिटिव्ह रिपोर्टबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. रक्तात फिरणारी प्रतिपिंडं आणि शुक्रजंतूच्या अंगावर बसलेली प्रतिपिंडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्ताच्या या चाचण्यांत बहुधा शुक्रजंतू फोडून त्यांच्या आतले घटकही वापरलेले असतात, आणि आतल्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं असली तरी जिवंत शुक्रजंतूला ती कधी भेटतच नाहीत. सहज मुलं झालेल्या बायकांतही अशी चाचणी पॉझिटिव्ह येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की प्रतिपिंडांसाठी सरसकट तपासणी करू नये, कारण प्रजनन सुधारेल असा परिणामकारक उपचार असल्याचा पुरावा नाही. आणि संबंधानंतरची चाचणीही नेहमीच्या तपासणीत करू नये, कारण तिच्यावरून गर्भधारणेचा अंदाज बांधता येत नाही. युरोपातल्या प्रजनन तज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेनेही २०२३ मध्ये, कारण न सापडलेल्या वंध्यत्वात, वीर्यतपासणी नॉर्मल असेल तर प्रतिपिंडांची चाचणी आणि संबंधानंतरची चाचणी दोन्ही नकोत असंच म्हटलं.

संबंधानंतरच्या चाचणीवर एक चांगला प्रयोग झाला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हॉलंडमधल्या लायडनच्या डॉक्टरांनी ४४४ जोडप्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटात ही चाचणी केली, दुसऱ्यात केली नाही. १९९८ मध्ये निकाल आला : दोन वर्षांत गर्भधारणा एका गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ४८ टक्के. फरक नाही. मात्र चाचणी केलेल्या गटात ५४ टक्के जोडप्यांवर उपचार झाले आणि दुसऱ्या गटात ४१ टक्क्यांवर. चाचणीने मुलं वाढली नाहीत, उपचार वाढले. ती बाई गोळ्यांनी सुजून माझ्यासमोर बसली होती तेव्हा मला हेच आकडे आठवत होते.

मग उपचार. यात नवऱ्याला प्रतिपिंडं खरोखर आहेत हे सिद्ध झालं होतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सगळे पर्याय त्यांच्यासमोर मांडले, जसे आहेत तसे.

स्टिरॉइड बायकोला देण्यात काहीच अर्थ नव्हता, प्रतिपिंडं तिची नव्हतीच. नवऱ्याला दिली तर? इंग्लंडमध्ये हेन्ड्री आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुरुषांना बायकोच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दहा दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, मग झपाट्याने कमी करून बंद, असं महिन्यामागून महिने. बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात गर्भधारणा जास्त झाल्या. पण त्याआधी १९८७ मध्ये हास आणि मांगानिएलो यांनी अमेरिकेत दुसरं स्टिरॉइड वापरून केलेल्या अशाच प्रयोगात म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता. नंतरही चित्र स्वच्छ झालं नाही. दुसऱ्या बाजूला आम्लपित्त, झोप उडणं, साखर वाढणं, आणि क्वचित मांडीच्या हाडाचा खुबा कायमचा मरणं. हा शेवटचा परिणाम हेन्ड्री यांनीच अशा रुग्णांत पाहून नोंदवला होता. शेतात काम करणाऱ्या माणसाचा खुबा गेला तर सगळंच गेलं. त्याने नको म्हटलं, आणि माझ्या मते बरोबर केलं.

निरोध वापरून बायकोचा शुक्रजंतूंशी संपर्क तोडायचा, मग तिच्या शरीरातली प्रतिपिंडं उतरतील, ही कल्पना १९६० च्या दशकातली. पुढे तिला आधार मिळाला नाही. आणि या जोडप्यात तर संपर्क तोडायचा तो नवऱ्याचा स्वतःशी, तो कसा तोडणार? स्राव पातळ करायला खोकल्याचं औषध, सोड्याच्या पाण्याने धुणं, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, हेही अजून कुठेकुठे सांगितलं जातं. त्याने मूल होण्याची शक्यता वाढते असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही.

आययूआयमध्ये धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात, म्हणजे स्रावाचा अडथळा ओलांडला जातो. ऐकायला हे अगदी चपखल वाटतं. थोडी प्रतिपिंडं असतील, बायको तरुण असेल, तर काही फेऱ्या करून पाहणं मला गैर वाटत नाही. पण लोकांची एक समजूत असते की धुतल्यावर प्रतिपिंडं निघून जातात. तसं होत नाही. ती घट्ट बसलेली असतात, धुतलेल्या नमुन्यावर मार टेस्ट लावली तरी मणी तसेच चिकटतात. डोक्यावरची प्रतिपिंडं पुढे बीजाच्या आवरणालाही अडथळा करू शकतात. शिवाय नुसत्या स्रावाच्या दोषासाठी केलेल्या आययूआयचे प्रयोग कॉक्रेन संस्थेने एकत्र करून तपासले, तेव्हा ठरावीक दिवशी संबंध ठेवण्यापेक्षा त्याचा फायदा सिद्ध झाला नाही. या जोडप्याच्या चार फेऱ्या आधीच होऊन गेल्या होत्या.

राहिली इक्सी. एक शुक्रजंतू सुईने उचलून थेट बीजात सोडायचा. स्राव, आवरण, सगळं मागे पडतं, आणि प्रतिपिंडं असल्या-नसल्याने इक्सीच्या यशात फरक पडत नाही असंच आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसतं. पण ती महाग आहे, बायकोला रोजची इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि दोष त्याचा असला तरी सुया तिलाच टोचल्या जातात. डॉक्टरांनी हे त्याच्या देखत तिला सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने घरी जाऊन विचार केला, दोन म्हशी विकायचं ठरलं, आणि ते परत आले.

नऊ पक्व बीजं मिळाली, सातांचं फलन झालं. प्रतिपिंडांनी झाकलेले तेच शुक्रजंतू, पण फलनात काही अडलं नाही. पहिल्यांदा सोडलेला गर्भ रुजला नाही. त्या दिवशी तिने मला विचारलं नाही की रक्तात काही दोष आहे का, याचं मला बरं वाटलं. गोठवून ठेवलेल्यांपैकी एक पुढच्या वेळी रुजला. मुलगी आता शाळेत जाते.

या सगळ्यात मार टेस्टने काय साधलं, असं मला एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं होतं. इक्सी तशीही करता आली असती. खरं आहे. टेस्टने उपचार शोधून दिला नाही. तिने स्टिरॉइड थांबवली, आणखी आययूआय थांबवल्या, आणि दोष जिथे होता तिथे ठेवला. एवढ्यासाठी ती करावी आणि एवढं जिथे बदलणार नाही तिथे करू नये, असं माझं मत आहे. बायकोचं वय अडतीस-चाळीस असेल, किंवा काउंट मुळात इतका कमी असेल की इक्सीच करायची आहे, तर या चाचणीवर पैसे आणि महिना घालवू नये. वाट पाहण्यात तिचं वय निघून जातं, आणि ते परत मिळत नाही.

वाचणाऱ्या जोडप्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद तळापर्यंत वाचा, तिथे शुक्रजंतू एकमेकांना चिकटल्याचं लिहिलं असेल किंवा त्याची नस जोडलेली असेल, तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि बायकोच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी कुणी लिहून दिली, तर ती पॉझिटिव्ह आली तर काय वेगळं करणार आणि निगेटिव्ह आली तर काय, हे आधी विचारून घ्या. दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती चाचणी करू नका.